प्रवेश नाकारल्यानंतरचा अर्ज

गेल्या काही वर्षांत जून-जुलैच्या सुमारास आमच्याकडे एक विशिष्ट प्रकारचे पाहुणे येऊ लागले आहेत. हे आमचेच माजी विद्यार्थी. दहावीनंतर शाळा सोडून गेलेले, बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेले, आणि कोठल्यातरी महाविद्यालयाने प्रवेश नाकारल्यामुळे हाती एक लांबलचक पत्र घेऊन आलेले. "सर, हे तेवढे तपासून द्या," एवढेच त्यांचे मागणे असते. शुद्धलेखन तपासावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. परंतु बहुधा असे दिसते की शुद्धलेखन ठीक आहे, पत्रच चुकले आहे.

अशाच एका विद्यार्थिनीच्या पत्राची हकीकत आम्ही येथे सविस्तर सांगणार आहोत. तिचे नाव, गाव, महाविद्यालय आणि मंडळ यांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत नाही. शेजारच्या राज्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षासाठी तिने अर्ज केला होता. २४ जूनला पहिली गुणवत्ता यादी लागली, तीत तिचे नाव नव्हते. कार्यालयाने कळविलेली कारणे दोन होती : एक, ६०० पैकी ४०९ गुण, म्हणजे शेकडा ६८.१७, आणि यादीतील शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण शेकडा ६९.५०, दुसरे, परराज्यातील मंडळाच्या विद्यार्थ्यांस लागणारे स्थलांतर प्रमाणपत्र अर्जासोबत जोडलेले नाही. मध्यंतरी तिने दोन विषयांच्या पुनर्मूल्यांकनासाठी मंडळाकडे अर्ज केला होता. त्याचा निकाल ४ जुलैला लागला आणि गुण वाढले. म्हणून फेरविचाराची विनंती करणारे चार पृष्ठांचे पत्र लिहून ती आमच्याकडे आली.

पहिल्या पृष्ठावर लहानपणापासून विज्ञानाची आवड कशी होती ते होते. दुसऱ्यावर घरची परिस्थिती. तिसऱ्यावर, परीक्षेच्या दिवशी आजीला रुग्णालयात न्यावे लागले व त्यामुळे भौतिकशास्त्राचा पेपर मनासारखा गेला नाही, हे होते. गुण वाढल्याची गोष्ट चौथ्या पृष्ठाच्या मध्यावर, एका वाक्याच्या पोटात आली होती. शेवटी "उपकार करून माझा अर्ज परत एकदा पाहावा" असे लिहिले होते.

या "उपकार करून" विषयी थोडे बोलले पाहिजे. आमच्या घरी कोंकणी बोलतात आणि त्या मुलीच्याही. कोंकणीत कोणाला काही नम्रपणे सांगावयाचे तर "उपकार करून" असे म्हणतात. त्यात उपकाराची भावना उरलेली नसते, ते केवळ सौजन्य असते. तोच शब्द मराठी पत्रात जसाच्या तसा उतरला की अर्थ पालटतो. वाचणाऱ्याला वाटते, ही मुलगी नियमाबाहेरची मेहेरबानी मागते आहे. आणि मेहेरबानी करण्याचा अधिकार प्रवेश कार्यालयातील कोणालाच नसतो. हे केवळ भाषेचे स्खलन असते तर आम्ही एक शब्द बदलून मोकळे झालो असतो. परंतु तिच्या पत्राचा सगळा सूरच तसा होता : नियम माझ्या विरुद्ध आहे, तरी माझ्याकडे पाहून तो बाजूला ठेवा. वस्तुतः तिची बाजू याच्या अगदी उलट होती. नियम आता तिच्या बाजूचा झाला होता. ज्या दोन कारणांसाठी नकार मिळाला ती दोन्ही कारणे ४ जुलैनंतर उरली नव्हती. फेरविचाराच्या पत्राला एवढेच सांगावयाचे असते की, आपण जो निर्णय घेतला तो त्या दिवशीच्या कागदांवर बरोबर होता. आता कागद बदलले आहेत, ते सोबत आहेत.

हे पत्र कोण वाचतो, हे विद्यार्थ्यांनी एकदा डोळ्यांपुढे आणावे. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयातील लिपिकाच्या मेजावर कागदांचा ढीग असतो, खिडकीपाशी पालकांची रांग असते आणि दूरध्वनी खणखणत असतो. तो तुमचे पत्र उघडतो ते तुमची नस्ती शोधण्यासाठी. नस्ती सापडते अर्जाच्या क्रमांकावरून; नावावरून नव्हे, कारण एकाच नावाचे तीनचार अर्जदार सहज असतात. नस्ती सापडल्यावर तो तिच्यावरील नकाराचा शेरा वाचतो आणि त्या शेऱ्याला तुमच्या पत्रात उत्तर आहे की नाही हे पाहतो. उत्तर असेल तर पत्र प्रवेश समितीपुढे जाते. नसेल तर "नोंद घेतली" म्हणून नस्तीला लागते. आजीच्या आजाराचे तिसरे पृष्ठ वाचून त्याला वाईट वाटेलही, पण त्या पृष्ठाचे काय करावे हे त्याला ठाऊक नसते. जुने गुण कमी का पडले हे सांगण्याचे प्रयोजनच उरलेले नाही, कारण ते गुण आता रद्द झाले आहेत.

येथे गुण बदलतात कसे, हे थोडे समजून घेणे आवश्यक आहे. अनेक विद्यार्थी तीन निरनिराळ्या गोष्टी एकच समजतात. गुणपडताळणीत उत्तरपत्रिका नव्याने तपासली जात नाही. सर्व उत्तरांना गुण दिले आहेत की नाहीत, बेरीज बरोबर आहे की नाही आणि आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत की नाहीत, एवढेच पाहिले जाते. छायाप्रत म्हणजे आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची नक्कल. पुनर्मूल्यांकनात मात्र दुसरा परीक्षक उत्तरे पुन्हा वाचतो. ही शेवटची सोय हक्काने मिळते असे कोणी समजू नये. १९८४ साली महाराष्ट्राच्या मंडळासंबंधीच्या एका खटल्यात, पुनर्मूल्यांकनाला मनाई करणारा त्यावेळचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला होता. पुढे २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येईल व तिची नक्कल घेता येईल असा निर्णय दिला. परंतु त्यामुळे पुनर्मूल्यांकनाचा हक्क आपोआप मिळतो असे मात्र म्हटले नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या मंडळाचा त्या वर्षीचा नियम आणि मुदत निकालाच्या दिवशीच पाहून ठेवावी.

आमच्या विद्यार्थिनीने छायाप्रती मागविल्या. भौतिकशास्त्राच्या पुरवणीवरील दोन उत्तरांसमोर गुणच नव्हते. रसायनशास्त्रातही आपणास कमी गुण पडले असे तिला वाटले. दोन्ही विषयांचे पुनर्मूल्यांकन झाले. भौतिकशास्त्रात ५४ चे ६६ झाले. रसायनशास्त्रात मात्र ६१ चे ५९ झाले. तिच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे गुण वाढले तरी बदल अंतिम आणि घटले तरी अंतिम. नवी बेरीज ४१९, शेकडा ६९.८३.

आता पाहा, तिच्या चौथ्या पृष्ठावरील वाक्य असे होते : "पुनर्मूल्यांकनात माझे भौतिकशास्त्राचे १२ गुण वाढले आहेत." वाक्य खरे आहे. परंतु ते वाचणारा लिपिक जुन्या ४०९ मध्ये १२ मिळवणार आणि ४२१ ही बेरीज मनाशी धरणार. मग तो सोबतचे सुधारित गुणपत्रक उघडणार आणि तेथे त्याला ४१९ दिसणार. त्या क्षणी त्याच्या मनात शंका येते की ही काहीतरी लपवीत आहे, आणि शंकेचे पत्र बाजूला पडते. आम्ही तिला विचारले, "रसायनशास्त्राचे का लिहिले नाहीस?" ती म्हणाली, "सर, ते कमी झाले ना! कशाला दाखवायचे?" वास्तविक ४१९ ही बेरीज यादीतील शेवटच्या ४१७ पेक्षा दोनांनी अधिकच होती. घटलेले गुण स्वतः सांगितल्याने तिचे काही जात नव्हते. न सांगितल्याने सर्वच जाण्याचा संभव होता.

कागदपत्रांचीही अशीच एक अडचण होती. पुनर्मूल्यांकनाचा निकाल मंडळाच्या संकेतस्थळावर दिसत होता, पण सुधारित गुणपत्रक हाती आले नव्हते. जुने गुणपत्रक मंडळाकडे परत केल्यावर नवे मिळावयाचे होते, आणि त्यास काही दिवस लागणार होते. दुसरी यादी होती ९ जुलैला. तिचा विचार गुणपत्रक येईपर्यंत थांबावे असा होता. "सगळे कागद एकदम देईन, म्हणजे नीट दिसेल." आम्ही म्हटले, थांबू नकोस. निकालाची मुद्रित प्रत आज जोड, मूळ गुणपत्रक अमुक दिवसांत सादर करीन असे हमीपत्र दे, आणि तसे पत्रातच स्पष्ट लिही. अपुरा कागद अपुरा म्हणून दिला तर कार्यालयास त्यावर तात्पुरता निर्णय घेता येतो. कागदच न आला तर काहीच करता येत नाही. यादी लागून गेल्यावर पोचलेला परिपूर्ण अर्ज कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

स्थलांतर प्रमाणपत्राच्या बाबतीत तिने नकार मिळताच दुसऱ्या दिवशी मंडळाकडे मागणी केली होती, आणि ते ४ जुलैस तिच्या हाती आले. हे प्रमाणपत्र म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या कक्षेबाहेर शिक्षणासाठी जाण्यास मंडळाची हरकत नाही असा दाखला होय. शाळा सोडल्याचा दाखला तो निराळा, तो विद्यालय देते. हे दोन्ही एकच समजून पुष्कळ विद्यार्थी एकच जोडतात आणि अर्ज अपूर्ण ठरतो. छायाप्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणण्यासाठी पूर्वी जी धावपळ करावी लागे ती आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. २०१४ पासून केंद्र सरकारने स्वसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे धोरण पुढे आणले. प्रतीवर "मूळ प्रतीवरून सत्यप्रत" असे लिहून स्वतःची सही व दिनांक घातला की काम भागते. मात्र त्या सहीने प्रतीच्या खरेपणाची जबाबदारी आपल्यावर येते.

राहता राहिला प्रश्न मागणीचा. "मला प्रवेश द्यावा" हे वाक्य ऐकावयास सरळ वाटते, पण पहिल्या यादीतील जागा भरल्यानंतर ते मान्य करावयाचे तर कोणाला तरी बाहेर काढावे लागेल, आणि तसे कार्यालय करणार नाही, करूही नये. ज्याने नियमाप्रमाणे शुल्क भरून प्रवेश घेतला त्याचा यात काय अपराध? म्हणून मागणी अशी असावी की जी मान्य करणे कार्यालयाच्या हातात आहे : सुधारित गुणांवर माझे नाव पुढील यादीसाठी विचारात घ्यावे, आणि जागा नसल्यास प्रतीक्षा यादीत त्या गुणांच्या क्रमाने ठेवावे. अशी मागणी नाकारण्यास कारण शोधावे लागते, मान्य करण्यास शोधावे लागत नाही.

तिने दुसऱ्या दिवशी जे पत्र पाठविले ते पुढे देतो. क्रमांकांच्या जागा आम्ही मोकळ्या ठेवल्या आहेत.

दिनांक : ६ जुलै

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष, प्रवेश समिती,
(महाविद्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : प्रथम वर्ष विज्ञान, अर्ज क्रमांक ............ : सुधारित गुण व स्थलांतर प्रमाणपत्र यांच्या आधारे फेरविचाराची विनंती.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दिनांक २४ जूनची सूचना.

महोदय,

वरील क्रमांकाचा माझा अर्ज दिनांक २४ जूनच्या पहिल्या गुणवत्ता यादीत निवडला गेला नाही. आपण त्याची दोन कारणे कळविली होती : माझे गुण (४०९/६००, शेकडा ६८.१७) यादीतील शेवटच्या गुणांपेक्षा (शेकडा ६९.५०) कमी होते, आणि स्थलांतर प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. त्यानंतर दोन्ही बाबतींत पुढीलप्रमाणे बदल झाला आहे.

मंडळाने दिनांक ४ जुलै रोजी माझ्या दोन विषयांच्या पुनर्मूल्यांकनाचा निकाल जाहीर केला. भौतिकशास्त्रात ५४ ऐवजी ६६ आणि रसायनशास्त्रात ६१ ऐवजी ५९ गुण झाले. इतर विषयांच्या गुणांत बदल नाही. सुधारित एकूण गुण ४१९/६००, शेकडा ६९.८३, असे आहेत. निकालाची मुद्रित प्रत सोबत जोडली आहे (सहपत्र १). सुधारित मूळ गुणपत्रक मंडळाकडून अद्याप मिळावयाचे आहे; ते मिळताच, व कोणत्याही परिस्थितीत ३१ जुलैपूर्वी, सादर करण्याचे हमीपत्र सोबत आहे (सहपत्र २).

स्थलांतर प्रमाणपत्र दिनांक ४ जुलै रोजी मिळाले. त्याची स्वसाक्षांकित प्रत सोबत आहे (सहपत्र ३). मूळ प्रमाणपत्र आपण सांगाल त्या दिवशी दाखविण्यास आणीन.

विनंती अशी की, दिनांक ९ जुलैच्या दुसऱ्या यादीसाठी माझा अर्ज सुधारित गुणांवर विचारात घ्यावा. त्या यादीत जागा उपलब्ध नसल्यास माझे नाव याच गुणांच्या क्रमाने प्रतीक्षा यादीत ठेवावे.

मी सध्या माझ्या गावाजवळील महाविद्यालयात प्रथम वर्षास प्रवेश घेतला आहे. आपल्याकडे निवड झाल्यास तेथील प्रवेश रद्द करून, आपण द्याल त्या मुदतीत शुल्क भरून प्रवेश निश्चित करीन.

आपली विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक)

सहपत्रे : १. पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची प्रत. २. हमीपत्र. ३. स्थलांतर प्रमाणपत्राची स्वसाक्षांकित प्रत. ४. दिनांक २४ जूनच्या सूचनेची प्रत.

चार पृष्ठांचे एक पृष्ठ झाले. ती थोडी हिरमुसली, हे आम्ही लपवीत नाही. "यात मी कुठेच नाही, सर," असे ती म्हणाली. तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तिची आवड, तिची आजी, तिच्या घरची ओढाताण हे सारे खरे होते, आणि ते सांगावयास जागा पाहिजे होती. शिष्यवृत्तीच्या किंवा शुल्कमाफीच्या अर्जात घरच्या परिस्थितीला स्थान आहे, कारण तेथे निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो. गुणवत्ता यादीचा निर्णय केवळ गुणांवर होतो. आजीचे पृष्ठ फाडू नकोस, घरी जपून ठेव, असे आम्ही तिला सांगितले.

या पत्रातील एका गोष्टीविषयी तिच्या वडिलांनी शंका काढली. दुसरीकडे प्रवेश घेतल्याचे कशाला लिहावयाचे? हिला जागा आहे, मग आपल्याकडे कशाला, असे म्हणतील. आमचे मत निराळे होते. कार्यालयास भीती असते ती जागा देऊनही विद्यार्थी न येण्याची. मग ती जागा पुढच्या फेरीपर्यंत रिकामी पडते. मी अमुक ठिकाणाहून येईन आणि अमुक मुदतीत शुल्क भरीन, असे लिहिल्याने ती भीती कमी होते. शिवाय मूळ कागद पहिल्या महाविद्यालयात अडकून पडतील ही चिंता त्यांना होती. तीही निराधार ठरली : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे महाविद्यालयांनी मूळ प्रमाणपत्रे पडताळून विद्यार्थ्यास तेथल्या तेथे परत द्यावयाची असतात, ठेवून घ्यावयाची नसतात. तिची मूळ प्रमाणपत्रे घरीच होती.

पत्र दोन मार्गांनी गेले. ६ जुलैच्या सकाळी ई-मेलने, विषयाच्या ओळीत अर्जाचा क्रमांक घालून, चारही सहपत्रे त्याच क्रमाने एकाच धारिकेत जोडून. कित्येक विद्यार्थी भ्रमणध्वनीवर काढलेली आठदहा छायाचित्रे सुटी पाठवितात, त्यांतली दोन आडवी असतात आणि एकात अंगठा आलेला असतो. ती जुळविण्याचे काम लिपिकाने करावे अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. दुसरी प्रत घेऊन तिचे वडील पहाटेच्या बसने स्वतः गेले आणि आवक खिडकीवर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व दिनांक घेऊन आले.

त्या शिक्क्याचे महत्त्व आम्हांस आदल्या वर्षी एका मुलाच्या बाबतीत कळले होते. त्याचे गुण हिच्यापेक्षाही अधिक वाढले होते. त्याने साध्या टपालाने पत्र पाठविले, पोच घेतली नाही. शेवटची यादी लागल्यावर चौकशीस गेला तेव्हा त्याचे पत्र कार्यालयात होते, पण ते यादीपूर्वी आले की नंतर, हे दाखविण्यास त्याच्याजवळ काहीच नव्हते. कार्यालयानेही काही वाईट हेतूने केले असे आम्ही म्हणणार नाही. दिनांक नसलेल्या कागदाला कोणताही दिनांक चिकटू शकतो, इतकेच.

अशा पत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे वाचून कोणी भलत्याच ठिकाणी भलता अर्ज करील. जेथे प्रवेश महाविद्यालय स्वतः देत नाही तेथे महाविद्यालयाला पत्र लिहून उपयोग नसतो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीचे बहुतांश प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत मध्यवर्ती पद्धतीने होतात. तेथे तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकती नोंदविण्यासाठी ठरावीक दिवस दिलेले असतात, आणि सुधारित गुण त्या दिवसांत त्या ठिकाणीच कळवावे लागतात. प्राचार्य कितीही सज्जन असले तरी त्यांच्या हाती तेथे काही नसते. दुसरे, जेथे निवड प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होते तेथे बारावीचे वाढलेले गुण यादीतील स्थान बदलीत नाहीत. दिल्ली विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश २०२२ पासून सामाईक परीक्षेच्या गुणांवर होऊ लागले. अशा ठिकाणी बारावीच्या गुणांचा प्रश्न बहुधा किमान पात्रतेपुरताच येतो. किमान मर्यादा पन्नास टक्क्यांची असेल आणि पुनर्मूल्यांकनाने एकोणपन्नासचे एकावन्न झाले, तर पत्र जरूर लिहावे. साठाचे पासष्ट झाले तर तेथे ते कोणी विचारणार नाही. आणि सर्व फेऱ्या संपून प्रवेशाची अखेरची तारीख उलटली असेल, तर बरोबर असलेले पत्रसुद्धा पुढच्या वर्षाच्या कामाचे उरते.

यांपैकी आपली स्थिती कोणती, हे माहितीपत्रकातील प्रवेशाच्या नियमांचे प्रकरण वाचल्याने कळते. ते प्रकरण कंटाळवाणे असते, हे आम्हांस मान्य आहे. आमच्या विद्यार्थिनीने ते प्रथम आमच्या समोर बसून वाचले. त्यात एक कलम होते : पुनर्मूल्यांकनाने गुण बदलल्यास, पुढील यादी लागण्यापूर्वी कळविल्यासच ते विचारात घेतले जातील. म्हणजे तिला मेहेरबानीची गरज कधीच नव्हती. ते कलम माहितीपत्रकाच्या अकराव्या पृष्ठावर छापलेले होते आणि तिने ती पुस्तिका मे महिन्यातच मिळविली होती.

९ जुलैच्या यादीत तिचे नाव आले नाही. त्या यादीतील शेवटचे गुण शेकडा ७० होते. त्यास कारण असे की पुनर्मूल्यांकनाने गुण वाढलेली ती एकटीच नव्हती, आणि जागा थोड्याच सुटल्या होत्या. परंतु प्रतीक्षा यादीत तिचा क्रमांक दुसरा होता, आणि नावापुढे गुण ६९.८३ असे छापलेले होते. तिने ती यादी आम्हांस दाखविली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते निराशेचे होते हे आम्ही जाणत होतो, तरी आम्ही तिचे लक्ष त्या आकड्याकडे वेधले. जुन्या गुणांवर ती प्रतीक्षा यादीतही कोठे तळाशी राहिली असती.

तीन आठवड्यांनी अभियांत्रिकीच्या याद्या लागल्या आणि विज्ञान शाखेतील काही विद्यार्थी तिकडे गेले. ३० जुलैला सायंकाळी महाविद्यालयातून दूरध्वनी आला : उद्या दुपारी बारापर्यंत मूळ कागदांसह हजर राहता येईल काय? सुधारित गुणपत्रक तिच्या हाती २६ जुलैला पडले होते. वडिलांनी पुन्हा तीच पहाटेची बस धरली, या वेळी मुलीला घेऊन.

त्या पत्राची शिक्का असलेली प्रत सध्या आमच्या मेजाच्या खणात आहे. पुढील जूनमध्ये जे येतील त्यांस दाखविण्यासाठी तिनेच ती ठेवून दिली. सोबत तिचे पहिले, चार पृष्ठांचे पत्रही मागावे असे आम्हांस वाटत होते. पण त्यातले तिसरे पृष्ठ तिने आजीला वाचून दाखविले आणि आजीने ते स्वतःजवळ ठेवून घेतले, असे कळले.